वर्गणीवाढीचा ठराव

सहाची सभा. सहा वाजून दहा मिनिटांनी अध्यक्ष गणपूर्तीअभावी ती तहकूब करतात आणि साडेसहाला त्याच जागी पुन्हा भरवतात. तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही, असं बहुतेक क्लबांच्या घटनेत लिहिलेलं असतं. या अर्ध्या तासात चहा होतो. मागचं इतिवृत्त कायम होतं, दुखवट्याचा ठराव होतो, आणि मग खजिनदार कागद घेऊन उभे राहतात. त्यांच्याकडे फार तर वीस मिनिटं असतात. समोरच्यांपैकी निम्म्यांनी ताळेबंद उघडलेला नसतो. उरलेल्यांनी एकच ओळ वाचलेली असते, वर्गणीची.

एक मध्यम आकाराचा बॅडमिंटन क्लब डोळ्यांसमोर आणू. आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा क्लबांच्या वहीत साधारण असंच चित्र दिसतं. तीन कोर्ट, लाकडी फ्लोअर, २४० सभासद, वार्षिक वर्गणी ६,००० रुपये. म्हणजे वर्गणीचे १४ लाख ४० हजार. गेस्ट फीचे १ लाख २० हजार, हॉल स्पर्धांना भाड्याने दिल्याचे ९० हजार आणि १५ लाखांच्या ठेवीवरचं व्याज १ लाख ५ हजार. एकूण साडेसतरा लाखांच्या थोडं वर. गेल्या वर्षीचा खर्च मात्र १८ लाख ९० हजार.

तरीही गेल्या वर्षी कोणाला तूट जाणवली नाही, कारण बारा नव्या सभासदांची प्रवेश फी आली होती. प्रत्येकी दहा हजारांप्रमाणे १ लाख २० हजार. ती रोजच्या खर्चात गेली आणि तूट १५ हजारांवर आली. माझ्या मते खजिनदाराच्या भाषणातलं पहिलं वाक्य हेच असायला हवं. प्रवेश फी एकदाच येते आणि ती इमारत, कोर्ट अशा टिकाऊ गोष्टींसाठी घेतलेली असते. तिच्यातून वॉचमनचा पगार देणं म्हणजे बी-बियाणं दळून भाकरी करणं. एखाद्या वर्षी नवे सभासद आले नाहीत, तर ही गोष्ट आपोआप सभेसमोर येते, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

आता पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक. पगार ७ लाख ८० हजारांवरून ८ लाख ४० हजार, वीज ३ लाख ९० हजारांवरून ४ लाख २० हजार, दुरुस्ती आणि किरकोळ मिळून ३० हजारांची वाढ. हे आकडे ऐकताना सभा मोबाइल बघत असते. ती मान वर करते शटलच्या वेळी. पिसांचं शटल हंसाच्या किंवा बदकाच्या सोळा पिसांचं असतं. ती पिसं अलीकडे महाग झाली आहेत, आणि चांगले खेळाडू एका संध्याकाळी दोन-तीन शटल सहज फोडतात. क्लब रोज आठ शटल देतो, त्यापुढची ज्याची त्यानं आणायची. दीडशे रुपयांचं एक, वर्षाला ३५० दिवस, असे ४ लाख २० हजार झाले. भाव १७० ते १७५वर गेला की ४ लाख ८० हजार. हुशार खजिनदार खिशातून एक मोडलेलं शटल काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, ‘‘हे काल सात वाजता नवं होतं.’’ तक्त्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

एकूण खर्च २० लाख ७० हजार, उत्पन्न जुन्याच दराने साडेसतरा लाख. तूट ३ लाख १५ हजार.

याशिवाय फ्लोअर. दोन नंबरच्या कोर्टावर मागच्या डाव्या कोपऱ्यात पाय पडला की पोकळ आवाज येतो. हिशेबात या फ्लोअरचा घसारा दरवर्षी लिहिला जातो, ऑडिटर त्यावर सही करतात आणि सगळ्यांना वाटतं की त्याची सोय झालेली आहे. झालेली नसते. घसारा ही वहीतली नोंद आहे. तेवढी रक्कम वेगळ्या ठेवीत टाकली नाही, तर सुताराला द्यायला काही नसतं. पाच वर्षांत ९ लाख लागणार असतील, तर वर्षाला १ लाख ८० हजार बाजूला पडायला हवेत.

दोन्ही मिळून ४ लाख ९५ हजार. २४० जणांत वाटले तर माणशी दोन हजारांच्या थोडं वर. म्हणून ठराव : वर्गणी ८,००० रुपये, त्यातली १,३०० रुपये वाढ चालू खर्चासाठी आणि ७०० रुपये फ्लोअर निधीसाठी. ही फोड सांगणं फार महत्त्वाचं. नुसते ‘दोन हजार’ म्हटलं की सभा त्यांचे एक हजार करते. ‘दिवसाला साडेपाच रुपयेच’ हे वाक्यही टाळावं. ते ऐकलं की लोक सावध होतात.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘‘पंधरा लाखांची एफडी आहे ना? मोडा की.’’ उत्तर हिशेबात आहे. त्यातून वर्षाला तीन लाख काढले, तर पाच वर्षांत ठेव संपते आणि दरम्यान व्याजाचे लाखभरही घटत जातात. दुसरा प्रश्न जास्त खरा असतो : ‘‘लोक सोडून गेले तर?’’ याचा आकडा खजिनदाराने आधीच काढून ठेवावा. साठ सभासद गेले, तर नव्या दरानेही जुनीच रक्कम जमते. वीस गेले, तर वाढीचे ३ लाख २० हजार उरतात. चालू तूट भागते, पण फ्लोअरला जवळजवळ काही राहत नाही.

आणि मग मागच्या रांगेतले एक सीए उठतात. ‘‘खजिनदारसाहेब, जीएसटीचं काय?’’

इथे बरीच भाषणं अडखळतात. सभासदांना दिलेल्या सेवेवरही क्लबला हा कर लागू होतो. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. आतापर्यंत वर्गणी, प्रवेश फी, गेस्ट फी, भाडं आणि व्याज धरूनही क्लब पावणेएकोणीस लाखांवर होता. आठ हजार केले की एकट्या वर्गणीचे १९ लाख २० हजार होतात आणि गेस्ट फी मिळवली की मर्यादा ओलांडली जाते. मग वर्गणीवर १८ टक्के. सभासदाच्या हाती पडणारी पावती ९,४४० रुपयांची. नोंदणीनंतर शटलसारख्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण पगारावर कर नसतो आणि विजेवरही जीएसटी नसतो, त्यामुळे दिलासा थोडाच. मर्यादेखाली राहायचं, तर फार तर पाचशेची वाढ करता येईल. त्यातून १ लाख २० हजार येतील आणि तूट १ लाख ९५ हजार राहील. हा आकडा सभेत पहिल्यांदा कोणीतरी दुसऱ्याने सांगितला, तर आधीचं सगळं भाषण वाया जातं.

म्हणूनच हा विषय नोटिशीत रकमेसह छापलेला असावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात वर्गणीवाढ घुसवली, तर घरी राहिलेला सभासद नंतर ठरावालाच आव्हान देतो, आणि त्याचं बरोबर असतं.

शेवटी काय होतं? बहुतेक वेळा होतं तेच. एक ज्येष्ठ सभासद उपसूचना मांडतात की १,३०० मान्य, फ्लोअरचं पुढच्या वर्षी बघू. लगेच अनुमोदन येतं, हात वर होतात. सात हजार तीनशेवरही जीएसटी लागणारच आहे, पण सभेला सातशे वाचल्याचं समाधान असतं. खजिनदार वाद घालत नाहीत. ते चिटणिसांकडे वळून एवढंच म्हणतात, ‘‘फ्लोअर निधीचा प्रस्ताव मांडला होता आणि तो पुढे ढकलला, एवढी ओळ इतिवृत्तात घ्या.’’

साडेआठला खुर्च्या उचलून दोन नंबरचं कोर्ट मोकळं होतं. चार मुलं नवं शटल घेऊन उतरतात आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातून तो पोकळ आवाज येतो.