गल्ल्यातून घरी किती गेले? घरखर्चाच्या नव्या मोबाइल ॲपविषयी

ज्याचे दुकान आणि घर एकाच गल्ल्यावर चालते, त्याला घरखर्च किती, असे विचारले की तो थोडा वेळ छताकडे पाहतो आणि एक आकडा सांगतो. हा आकडा बहुधा कमी असतो. तो खोटे बोलत नाही, त्याला खरोखरच ठाऊक नसते. आमचेही तीस वर्षे असेच चालले होते. कापडाचा रोजमेळ आम्ही रोज रात्री लिहितो, खतावणीत पार्टीचा एक रुपयाही इकडचा तिकडे होऊ देत नाही, पण घरी नेलेल्या पैशांपुढे "घरी" एवढा एकच शब्द लिहून मोकळे होतो.

दोन वर्षांपूर्वी एका सीझनच्या तोंडाशी मालाचे पेमेंट वेळेवर देता आले नाही. विक्री वाईट नव्हती, उधारीही बऱ्यापैकी वसूल झाली होती. मग रक्कम गेली कुठे? वह्या काढून बसलो तेव्हा दुकानाच्या खर्चात काही सापडले नाही. सापडले ते त्या "घरी" या शब्दात. आमचा भाचा संगणकाचे काम करतो. तो म्हणाला, "मामूजान, पार्टीचे खाते ठेवता तसे घराचेही एक खाते ठेवा, मी तुम्हाला मोबाइलवर करून देतो." त्याने केलेले ॲप आमच्या घरी आणि ओळखीच्या काही कारागीर व दुकानदार बंधूंच्या घरी वापरून पाहिले. आता ते सर्वांसाठी खुले करीत आहोत. ते मोफत आहे, त्यात जाहिरात नाही. त्याने काय होते आणि काय होत नाही, हे दोन्ही सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बाजारात घरखर्चाची ॲप पुष्कळ आहेत, मग हे आणखी एक कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हीही आधी तयार ॲपच वापरले होते. ती बहुतेक पगारदारासाठी केलेली असतात. एक तारखेला पगार येतो, महिनाभर खर्च होतो, शेवटी शिल्लक राहते, असा त्यांचा साचा. आमच्या घरात पगार येत नाही. कधी गल्ल्यातून पाचशे नेले, कधी दुकानाच्या खात्यावरून घरच्या खात्यात टाकले, किराणा उधारीवर आला, लाइटबिल दुकानाच्याच खात्यातून गेले. काही ॲप बँकेचे संदेश वाचून आपोआप खर्च मांडतात. त्यांनी तर कमालच केली. आम्ही दुकानाच्या खात्यातून घरच्या खात्यात पंधरा हजार टाकले तर ते पंधरा हजार खर्च, आणि घरच्या खात्यातून त्याच पैशाने सामान आणले तर तोही खर्च. एकच रक्कम दोनदा मोजली गेली. एटीएममधून काढलेल्या रोख रकमेचेही तसेच. शिवाय संदेशावरून एवढेच कळते की पैसे गेले. ते घरच्या पिठाला गेले की दुकानाच्या पिशव्यांना, हे संदेशाला कसे कळणार? म्हणून आमचे ॲप बँकेचे संदेश वाचत नाही. नोंद हातानेच करावी लागते. यात त्रास आहे, तो आम्ही लपवीत नाही.

नोंद चार गोष्टींची असते. रक्कम किती, कशासाठी, पैसे कोठून आले आणि सामान रोखीने आले की उधारीवर. यातला तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. "घरच्या पैशातून" आणि "दुकानातून" अशी दोन बटणे आहेत, आणि दुकानातून घरी नेलेली रक्कम खर्च म्हणून नव्हे, तर "दुकानातून उचल" म्हणून वेगळी लिहिली जाते. ती खर्च तेव्हा होते, जेव्हा तिचे पीठ, तेल, औषध होते.

आमच्याच घरचा एक महिना उदाहरणादाखल देतो. आकडे गोळाबेरीज केले आहेत, पण हिशेब तोच आहे. त्या महिन्यात दुकान सव्वीस दिवस उघडे होते आणि आम्ही रोज पाचशे रुपये घरी देत होतो, म्हणजे तेरा हजार. महिन्याच्या सुरुवातीला पंधरा हजार घरच्या खात्यात टाकले होते. कोणी विचारले असते तर आम्ही बेधडक सांगितले असते की, आमचे घर अठ्ठावीस हजारांत चालते.

ॲपने वेगळे सांगितले. रोजचे तेरा हजार भाजी, दूध, रिक्षा, पाहुणे यांत पूर्ण संपले होते. पंधरा हजारांपैकी ५,८०० रुपये मागच्या महिन्याची किराण्याची उधारी फेडण्यात गेले. ते या महिन्याचे खाणे नव्हते, म्हणून ते या महिन्याच्या खर्चात धरायचे नाहीत. ७,८०० रुपये प्रत्यक्ष खर्च झाले आणि १,४०० शिल्लक राहिले. या महिन्यात ६,२०० रुपयांचा किराणा नव्याने उधारीवर आला. तो अजून फेडला नसला तरी पोटात गेला आहे, म्हणून तो याच महिन्यात धरायचा. घराचे लाइटबिल २,३५० रुपये दुकानाच्या खात्यातून भरले होते आणि ते आमच्या गावीही नव्हते. मुलीची तीन महिन्यांची फी ९,००० रुपये, तीही दुकानातूनच गेली. फी तीन महिन्यांची असल्याने या महिन्याच्या वाट्याला ३,००० येतात. आता बेरीज करा: १३,००० अधिक ७,८०० अधिक ६,२०० अधिक २,३५० अधिक ३,०००. एकूण ३२,३५० रुपये. आमच्या अंदाजापेक्षा ४,३५० जास्त.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दुकानातून प्रत्यक्ष किती रक्कम निघाली? तेरा हजार, पंधरा हजार, लाइटबिल आणि पूर्ण नऊ हजार फी मिळून ३९,३५० रुपये. म्हणजे आम्ही समजत होतो त्यापेक्षा ११,३५० रुपये जास्त. पेमेंट का अडले, ते आम्हाला या आकड्यात दिसले. खर्च आणि उचल यांत सात हजारांचा फरक आहे. तो कसा, हेही ॲप दाखवते. फीचे पुढच्या दोन महिन्यांचे सहा हजार, शिल्लक चौदाशे आणि जुनी उधारी ५,८०० यांची बेरीज करून त्यातून नवी उधारी ६,२०० वजा केली की बरोबर सात हजार येतात. हा ताळा जुळला नाही तर समजावे की एखादी नोंद राहिली किंवा दोनदा झाली. बहुतेक वेळा चूक किराण्यातच सापडते. सामान आणले त्या दिवशी उधारी लिहिली जाते, आणि दुकानदाराला पैसे दिले त्या दिवशी कोणीतरी तेच पुन्हा खर्च म्हणून लिहितो. पैसे देताना "उधारी फेड" हेच बटण दाबावे.

हप्त्यावर काम करणाऱ्या कारागीर बंधूंसाठी आणखी एक सोय आहे. हप्ता आठवड्याला मिळतो आणि घरभाडे महिन्याला द्यावे लागते. वर्षात बावन्न आठवडे आणि बारा महिने, म्हणून काही महिन्यांत चार हप्ते येतात, तर काहींत पाच. पाच हप्त्यांचा महिना आला की घरात थोडी सैल वागणूक होते, आणि पुढच्या महिन्यात भाड्याला ओढाताण. समजा हप्ता चार हजारांचा आहे. चार हप्त्यांचे सोळा हजार, पाचाचे वीस हजार. वर्षाचे दोन लाख आठ हजार बारांनी भागले तर महिन्याला साधारण १७,३३३ येतात. ॲप हा सरासरी आकडा समोर ठेवते. मात्र यात काम बंद राहिलेला आठवडा धरलेला नाही. मंदीत यंत्र बंद असेल तर त्या आठवड्याचा हप्ता शून्य लिहावा लागतो, आणि सरासरी खाली येते. तसे लिहायला मन धजत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

ईदच्या खर्चाबाबत आमची स्वतःची फसगत झाली. २०२५ च्या एप्रिलचा खर्च २०२४ च्या एप्रिलशी ताडून पाहिला तर चांगलीच बचत दिसली. आम्ही घरात त्याचे कौतुकही केले. आमच्या घरवाल्या हसून म्हणाल्या, "अहो, ईद कधी होती ते तर पाहा." २०२४ साली ईदुल फित्र ११ एप्रिलला होती आणि २०२५ साली ३१ मार्चला. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान आणि ईदचा खर्च दरवर्षी मागे सरकतो, आणि इंग्रजी महिन्याशी महिना ताडला तर खोटी बचत किंवा खोटी उधळपट्टी दिसते. म्हणून ईद, बकरीद आणि लग्नकार्य यांची खाती महिन्याच्या खर्चातून बाहेर काढून वेगळी ठेवली आहेत. ईद ईदशीच ताडावी.

आता उणिवा. हे ॲप इंटरनेटशिवाय चालते आणि नोंदी तुमच्याच फोनमध्ये राहतात, आमच्याकडे येत नाहीत. याचा दुसरा अर्थ असा की फोन हरवला तर हिशेबही गेला. महिन्यातून एकदा "प्रत काढा" हे बटण दाबून ती प्रत दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवावी. चाचणीत एका बंधूंचा फोन पाण्यात पडला आणि चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. त्यांनी प्रत काढली नव्हती. नवरा-बायकोच्या दोन फोनवरील नोंदी सध्या एकत्र होत नाहीत, तेव्हा एकाच फोनवर लिहावे. ज्यांच्या हातून रोजचा पैसा जातो, त्यांच्या फोनवर लिहिलेले बरे, आणि ते बहुतेक घरांत आपण नसतो.

उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना उर्दू पडदा हवा होता. भाच्याने तो केला, पण मजकूर उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे, यात वजाचे चिन्ह आकड्याच्या भलत्याच बाजूला जाऊ लागले. शिल्लक की देणे, हेच कळेना. म्हणून पहिल्या आवृत्तीत फक्त मराठी आहे.

या ॲपने जकातीचा हिशेब होणार नाही. त्यासाठी माल, रोख, सोने, येणे आणि देणे पाहावे लागते. येथे फक्त घरचा खर्च आहे. आयकराच्या कामालाही ते चालणार नाही. दुकानाच्या वह्या जशा आहेत तशाच ठेवाव्यात, फक्त "घरी" लिहितो तेथे ॲपमधील उचलीचा आकडा लिहावा, म्हणजे दोन्ही वह्यांचा ताळा बसेल.

पहिल्या महिन्याचा आकडा पाहून काही ठरवू नये. पहिल्या महिन्यात जुनी उधारी नोंदवलेली नसते आणि निम्म्या नोंदी विसरल्या जातात. आमच्या घरी तिसऱ्या महिन्यात ताळा जुळला, तोही भाच्याला दोनदा घरी बोलावल्यानंतर.

ॲपचे नाव आणि ते फोनवर कसे घ्यावे, हे याच पानावरील चौकटीत दिले आहे. कोठे आकडा चुकताना दिसला तर त्या पडद्याचे छायाचित्र काढून साप्ताहिकाच्या कार्यालयात पाठवावे, आम्ही भाच्याकडे पोहोचते करू.