चिरा पायावर पडला तर : स्टील टो की कंपोझिट टो?

आपल्या वस्त्यांतले बरेच बांधव चिरेखाणीवर, चिऱ्याच्या गाड्या भरण्या-उतरवण्यावर, बांधकामावर, बर्फाच्या कारखान्यात आणि कुडाळच्या एमआयडीसीत राबतात. पायाच्या बोटांची इजा ही या कामांतली नेहमीची इजा. सेफ्टी बूट घेताना आम्हांला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : पुढे लोखंडी टोपी असलेला स्टील टो घ्यावा, की बिनधातूचा कंपोझिट टो?

आधी ताकदीचे बघू. आयएस १५२९८ (भाग २) या भारतीय मानकाप्रमाणे दोन्ही बुटांची परीक्षा एकच असते. २० किलोचे वजन सुमारे एक मीटर उंचीवरून बुटाच्या टोकावर आदळले, तरी बोटांसाठी मापाप्रमाणे साडेबारा ते पंधरा मिलिमीटर जागा आत शिल्लक राहिली पाहिजे. म्हणजे ‘कंपोझिट कच्चा’ हा समज खरा नाही. मानकाची खूण असेल तर दोन्ही सारखेच पास झालेले असतात.

आता हाच हिशोब चिऱ्याला लावू. एक चिरा २८ किलोचा धरला, तर सुमारे ७० सेंटिमीटरवरून, म्हणजे गुडघ्याच्या थोडे वरून निसटल्यास बूट त्याला अडवू शकतो. तोच चिरा कमरेवरून किंवा गाडीच्या हौद्यातून पडला तर कोणत्याही टोपीची मर्यादा संपते. म्हणून गाडी उतरवताना खाली उभे राहून वरून टाकलेला चिरा झेलू नये. ‘स्टील टोपी वाकली तर बोटे कापली जातात’ म्हणून काहीजण साधी चप्पल घालतात. पण टोपी चेपवणारा भार उघड्या बोटांचा तर चुराच करेल.

फरक पडतो तो कामाच्या जागेमुळे. स्टील टो स्वस्त असतो आणि त्याची टोपी पातळ असते. मार बसला की ती चेपते आणि बोटाने चाचपल्यावर कळते. चिरेखाण, गाडी भरणे, फॅब्रिकेशन यांसाठी तो चांगला. पण मालवण किनाऱ्यावर जेटीचे काम, मासळी उतरवणे, खाऱ्या पाण्यात उभे राहणे असेल तर लोखंड गंजते. आपल्याकडे मोज्यावरचा लाल डाग मातीचाही असतो, म्हणून बुटात हात घालून बघा. अस्तर फाटून खरखरीत कडा लागत असेल तर तो गंज आहे आणि बूट बाद. मधुमेह असलेल्या माणसाला पायाची बधिरता असेल तर ही कडा घासलेली कळत नाही आणि जखम चिघळते.

कंपोझिट टोपी काचतंतू किंवा कडक प्लास्टिकची असते. ती गंजत नाही, वजनाला हलकी असते आणि बर्फाच्या कारखान्यात स्टीलसारखी गार पडत नाही. मात्र तिची किंमत जास्त आणि टोक जाड असते. तिचा मोठा दोष असा, की जोराचा मार बसल्यावर ती आतून तडकते आणि वरून बूट धड दिसतो. म्हणून कंपोझिटवर एकदा जड वस्तू पडली की तो जोड बदलायचाच. स्टीलची टोपी चेपली असेल तर तोही बदलायचा.

दोन गोष्टी कोणतीच टोपी करत नाही. सेंट्रिंगच्या फळीतला खिळा तळव्यातून घुसतो. त्यासाठी तळात वेगळा पत्रा किंवा विणलेला थर लागतो. बुटावर इंग्रजी अक्षरांत ‘एस१पी’ किंवा ‘एस३’ असेल तर तो असतो. तसेच कंपोझिट म्हणजे विजेपासून रक्षण असेही नाही. भिजलेला बूट कोणताही असो, त्याच्या भरवशावर वायरीला हात लावू नये.

घेताना आयएसआयची खूण, त्याखालचा आयएस क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. टोकाला लोहचुंबक चिकटला तर स्टील. न चिकटणे म्हणजे कंपोझिटच असे नाही, आत नुसता पुठ्ठाही असू शकतो. माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि मोजे घालून घ्या. भगिनींनी पुरुषांचा मोठा जोड कापूस कोंबून वापरू नये. त्यात पाय सरकतो आणि टोपीची कडा बोटांवर येते.

सुरक्षेच्या साधनांचे पैसे मजुराच्या पगारातून कापता येत नाहीत. ती मालकाने द्यायची असतात. बांधकाम मजुराने वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. मंडळाच्या सुरक्षा संचात बूट मिळतात. ते हातात पडताच माप आणि खूण तपासा.

आणि बूट घालूनही बोट चेंगरले, नख काळे पडून ठणकू लागले, बोट वाकडे दिसले किंवा सुन्न झाले, तर हळद-चुना न लावता पाय उंच ठेवून त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. जखम उघडी असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

जय भीम!