विमानतळाचा बीटा उसना कुठून आणायचा?

मुंबईहून विमानाने निघालेल्या प्रवाशाच्या तिकिटात यूडीएफ नावाची एक रक्कम असते. ती विमान कंपनीची नसते, विमानतळाची असते आणि ती किती असावी हे ‘एरा’, म्हणजे विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते. त्यासाठी विमानतळात पैसे घालणाऱ्या भागधारकांना किती परतावा मिळायला हवा, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. त्या हिशेबाची किल्ली म्हणजे बीटा. अख्खा शेअर बाजार एक टक्का हलला की कंपनीचा शेअर सरासरी किती टक्के हलतो, ते हा आकडा सांगतो.

अडचण अशी, की मुंबई विमानतळाची कंपनी शेअर बाजारात नाहीच. 2021 पासून ती अदानी समूहाकडे आहे, पण अदानी एंटरप्रायझेसचा बीटा घेऊन उपयोग नाही. त्यात कोळशापासून सौरऊर्जेपर्यंत सगळ्याची सरमिसळ आहे. मग फ्रँकफर्टची फ्रापोर्ट, पॅरिसची एडीपी, ऑकलंडची विमानतळ कंपनी अशा बाजारात नोंदलेल्या शेजाऱ्यांकडून बीटा उसना आणावा लागतो. पण प्रत्येकाच्या डोक्यावरचं कर्ज वेगळं.

कर्जाचं व्याज ठरलेलं असतं. प्रवासी वाढोत की घटोत, बँकेचे पैसे आधी जातात आणि उरलेल्यात भागधारक. त्यामुळे धंद्यातला चढउतार तोच असला, तरी कर्जबाजारी कंपनीच्या भागधारकाला तो मोठा होऊन पोहोचतो. बाजारात दिसणाऱ्या बीटामध्ये धंद्याची जोखीम आणि कर्जाची जोखीम अशा दोन्ही मिसळलेल्या असतात. शिकागो विद्यापीठाच्या रॉबर्ट हमादा यांनी 1972 मध्ये त्या वेगळ्या करण्याची वाट दाखवली.

एक काल्पनिक जोडी घेऊ. पहिल्या विमानतळाचा बीटा 1.10, भागभांडवलाच्या दर शंभर रुपयांमागे कर्ज पन्नास. दुसऱ्याचा बीटा 0.85, शंभरामागे कर्ज वीस. सोयीसाठी दोन्हीकडे कर 25 टक्के धरू. पहिला जास्त धोक्याचा, असं कुणीही म्हणेल. आता कर्ज उतरवू. व्याजावर कर वाचतो, म्हणून कर्जाचा पाऊण भागच धरायचा: 0.50 चे 0.375. त्यात एक मिळवून 1.10 ला भागलं की 0.80 येतं. दुसऱ्याचं तसंच केलं की 0.74. पाव अंकाचं अंतर सहा शतांशांवर आलं, म्हणजे फरक मुख्यतः कर्जाचा होता, धावपट्टीचा नव्हता. हिशेब जमला की नाही, हे ओळखण्याची खूणही हीच. कर्ज उतरवल्यावर आकडे जवळ येण्याऐवजी पांगले, तर धंदे मुळात वेगळे आहेत किंवा आकडेमोडीत चूक आहे.

सरासरी 0.77. आता तिच्यावर आपल्या विमानतळाचं कर्ज चढवायचं. ‘एरा’ने आयआयएम बंगळूरच्या अभ्यासाच्या आधारे कर्ज आणि भागभांडवल यांचं 48 ला 52 असं मानीव प्रमाण वापरलं आहे. 48 भागिले 52 म्हणजे 0.92; त्याचा पाऊण भाग 0.69, त्यात एक मिळवून 0.77 ने गुणलं की 1.30.

कर्ज न उतरवता नुसती सरासरी घेतली असती तर 0.98 आलं असतं. समजा, बिनजोखमीचं व्याज सात टक्के आणि शेअर बाजाराची जोखीम घेण्याबद्दल वरचे सात टक्के. मग भागधारकांचा परतावा 13.9 ऐवजी 16.1 टक्के होतो. हजार कोटींच्या भागभांडवलावर हा फरक वर्षाला बावीस कोटींचा, आणि शेवटी भरणारा प्रवासी.

चुकायला जागा बऱ्याच आहेत. भागभांडवल ताळेबंदातलं नव्हे, बाजारातलं धरायचं. त्यातही एक फसगत आहे. बीटा बहुधा मागच्या काही वर्षांच्या शेअरभावांतून निघतो, तर कर्जाचं प्रमाण पुष्कळदा एकाच दिवसाचं घेतलं जातं. मार्च 2020 मध्ये विमानं जमिनीवर आली, विमानतळांचे शेअर कोसळले आणि कर्जाचं प्रमाण एकाएकी फुगलं. त्या दिवसाचं प्रमाण जुन्या बीटाला लावलं, तर धंद्याची जोखीम आहे त्याहून कमी दिसणार. ज्या काळाचा बीटा, त्याच काळाची कर्जाची सरासरी हवी.

शिवाय कर्ज देणाऱ्याला काहीच जोखीम नाही आणि कर्जाची रक्कम कायम ठरलेली आहे, असं हमादांचं सूत्र धरून चालतं. कंपनी बुडायच्या बेताला आली की बँकही भागधारकासारखीच धास्तावलेली असते. तिथे हे सूत्र भागधारकांच्या माथी नको तेवढी जोखीम मारतं. म्हणून काही विश्लेषक कर्जालाही छोटा बीटा देतात, काही कराचा भाग वगळतात. दोन्ही चालतं, पण ज्या सूत्राने कर्ज उतरवलं त्यानेच चढवायला हवं. वरच्या उदाहरणात करासह उतरवून करावाचून चढवलं, तर 1.30 च्या जागी 1.48 येतं.

एखाद्या कंपनीच्या मूल्यांकनाचा अहवाल हाती आला, तर बीटाच्या तक्त्याखालची बारीक अक्षरं आधी वाचा: कर्जाचं प्रमाण कोणत्या काळाचं आणि सूत्र दोन्ही वेळा तेच आहे का.