तुटलेलं थालीपीठ कापू नका

घरगुती भाजणीच्या एका ग्राहकाचा अभिप्राय समजा असा आहे: ‘पहिलं थालीपीठ तुटलं. मग पीठ कोमट पाण्यात भिजवलं, तेव्हा नीट थापता आलं. सासूबाईंनी दुसरं मागून घेतलं. पाकीट मात्र परत बंद होत नाही.’ २० सेकंदांच्या जाहिरातीत चाळीसेक शब्द मावतात, म्हणजे हे जवळपास जसंच्या तसं चालेल. पण बहुतेकदा तुटलेलं थालीपीठच कापलं जातं आणि ‘अप्रतिम चव, उत्तम दर्जा’ येतं. तिथेच विश्वास उडतो. पाकिटाची तक्रारही राहू द्या. चार ग्राहकांची वाक्यं एकाच्या तोंडी घालू नका. केंद्र सरकारच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतली शिफारस हे त्या व्यक्तीचं प्रामाणिक मत असावं लागतं. चित्रीकरणात संहिता पाठ करून घेण्याऐवजी ‘पहिल्यांदा काय बिघडलं?’ एवढंच विचारा.