दोनशे कोटींच्या फेडीसाठी दरवर्षी किती?

घरासाठी काढलेल्या बँकेच्या कर्जात दर महिन्याच्या हप्त्यातून व्याजाबरोबर थोडे मुद्दलही फिटत जाते. शेवटचा हप्ता भरला की कर्ज संपते. रोखे विकून उभारलेल्या कर्जाचे बहुधा तसे नसते. तिथे मुदतभर फक्त व्याज द्यायचे असते आणि संपूर्ण मुद्दल शेवटच्या दिवशी, एकरकमी परत करायचे असते. नऊ वर्षे अकरा महिने मुद्दलातला एक रुपयाही कमी होत नाही आणि मग एका दिवशी सगळा डोंगर समोर उभा राहतो. त्या दिवसाची तयारी म्हणून दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढून ती व्याजावर गुंतवत जायची, या व्यवस्थेला कर्जनिवारण निधी म्हणतात. हिशेबखात्यात मात्र सर्रास सिंकिंग फंड हाच शब्द चालतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यापासूनच कर्ज काढणाऱ्या पालिकेवर असा निधी उभारण्याची जबाबदारी टाकलेली आहे.

जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षे. याच आकाराचे, याच व्याजाचे आणि मुदतीअखेर एकरकमी फेडायचे एक कर्ज डोळ्यांसमोर ठेवले, तर निधीचा हिशेब नीट उलगडतो. पुढचे आकडे अशा कर्जावर मांडलेले गणित आहे, पुण्याच्या जमाखर्चातल्या नोंदी नव्हेत.

या कर्जाचे वर्षाचे व्याज होते १५ कोटी १८ लाख. ते रोखेधारकांना दरवर्षी द्यावेच लागते आणि त्याचा निधीशी संबंध नाही. निधीत भरायची रक्कम याखेरीज वेगळी असते. ती किती असावी, याचे सहज सुचणारे उत्तर म्हणजे दोनशे भागिले दहा, वर्षाला वीस कोटी. पण पैसा तिजोरीत नुसता पडून राहणार असेल तरच हे उत्तर बरोबर ठरते. निधीतली रक्कम सरकारी रोख्यांत किंवा बँकेच्या मुदतठेवीत गुंतवली जाते आणि तिच्यावर व्याज मिळते. त्यामुळे वीस कोटींपेक्षा कमी भरूनही भागते.

किती कमी, हे ठरवायला एक रुपयापासून सुरुवात करणे सोपे जाते. दर वर्षाच्या अखेरीस एक रुपया निधीत टाकला आणि त्यावर ६ टक्के चक्रवाढ व्याज मिळाले असे धरू. पहिल्या वर्षाचा रुपया उरलेली नऊ वर्षे वाढतो आणि साधारण १ रुपया ६९ पैसे होतो. दुसऱ्या वर्षाचा आठच वर्षे वाढतो, म्हणून तो थोडा मागे राहतो. दहाव्या वर्षाचा रुपया ज्या दिवशी पडतो त्याच दिवशी बाहेर काढायचा असतो, त्यामुळे तो रुपयाच राहतो. या दहा रुपयांची दहा वर्षांनंतरची बेरीज १३ रुपये १८ पैसे होते. एका रुपयाच्या भरण्यातून १३.१८ रुपये मिळतात, तर २०० कोटी मिळवायला २०० भागिले १३.१८, म्हणजे दरवर्षी १५ कोटी १७ लाख भरले पाहिजेत. सूत्र असे:

```
वार्षिक भरणा = रक्कम × r ÷ ((1 + r)^n − 1)
```

इथे `r` म्हणजे निधीवर मिळणारा व्याजदर आणि `n` म्हणजे वर्षे. संगणकावरच्या हिशेबतक्त्यात हेच एका ओळीत निघते आणि उत्तर कोटींत १५.१७ येते:

```
=PMT(6%,10,0,-200)
```

दहा वर्षांत पालिकेच्या खिशातून या निधीत सुमारे १५१ कोटी ७४ लाख जातात. उरलेले ४८ कोटी २६ लाख व्याजातून येतात. भरणा वर्षाच्या अखेरीऐवजी आरंभी केला, तर प्रत्येक हप्त्याला एक वर्ष जास्त मिळते आणि वार्षिक रक्कम १४ कोटी ३१ लाखांवर उतरते. एप्रिल आणि मार्च यांतल्या अंतराची किंमत या कर्जात वर्षाला ८६ लाख आहे. म्हणून अंदाजपत्रकात निधीची तरतूद केली एवढे वाचून थांबणे पुरेसे नसते. पैसे प्रत्यक्षात कोणत्या महिन्यात निधीच्या खात्यात गेले, हेही पाहावे लागते.

निधी सरळ रेषेत वाढत नाही, ही गोष्ट लक्षात न घेतल्याने पुष्कळांची गफलत होते. पहिल्या वर्षाअखेर खात्यात फक्त भरलेले १५ कोटी १७ लाख असतात. दुसऱ्या वर्षी त्यांवर ९१ लाख व्याज मिळते, नवा भरणा जमा होतो आणि शिल्लक ३१ कोटी २६ लाख होते. पाचव्या वर्षाच्या अखेरीस ती ८५ कोटी ५३ लाख असते. मुदत निम्मी सरली, पण रक्कम निम्मी झालेली नाही, आणि तरीही निधी अगदी वेळापत्रकानुसार चालला आहे. उत्तरार्धात व्याजाचा जोर वाढतो. नवव्या वर्षाअखेरीच्या १७४ कोटी ३६ लाखांवर शेवटच्या वर्षात १० कोटी ४६ लाख व्याज मिळते, आणि शेवटचा भरणा पडला की २०० कोटी पुरे होतात.

याचाच अर्थ असा की सुरुवातीचे हप्ते सर्वांत मोलाचे असतात आणि चुकवायचा मोह नेमका तेव्हाच होतो. रस्त्यांची कामे अडलेली असतात, पगार द्यायचे असतात आणि परतफेड दहा वर्षे दूर दिसते. समजा, पहिली तीन वर्षे भरणा झालाच नाही. मग उरलेल्या सात वर्षांत दोनशे कोटी जमवायला दरवर्षी २३ कोटी ८३ लाख लागतात. तीन वर्षांची सूट घेतल्याची शिक्षा म्हणून पुढची सात वर्षे दरवर्षी ८ कोटी ६६ लाख जास्त मोजावे लागतात. ही शिक्षा बहुधा वेगळ्या सभागृहाच्या आणि वेगळ्या आयुक्तांच्या वाट्याला येते.

दुसरा धोका गृहीत धरलेल्या व्याजदराचा. वरच्या गणितात ६ टक्के धरले आहेत. ७ टक्के धरले असते तर भरणा १४ कोटी ४८ लाखांवर आला असता, ५ टक्के धरले असते तर १५ कोटी ९० लाखांवर गेला असता. चढा दर धरला की आजचे अंदाजपत्रक हलके दिसते, म्हणून या आकड्याकडे संशयानेच पाहायला हवे. समजा, पाच वर्षे ६ टक्के मिळाले आणि मग बाजारातले दर उतरून निधीला ५ टक्केच मिळू लागले. कोणीही चूक केलेली नाही, एकही हप्ता बुडालेला नाही. तरी जुनाच भरणा चालू ठेवला तर दहाव्या वर्षी खात्यात १९३ कोटी एक लाख निघतात आणि सुमारे सात कोटींची तूट पडते. हीच घसरण सहाव्या वर्षीच ओळखली, तर भरणा १६ कोटी ४४ लाखांवर नेऊन ती भरून काढता येते. म्हणून निधीचा हिशेब एकदा मांडून फडताळात ठेवायचा नसतो. हातातली शिल्लक, उरलेली वर्षे आणि आता मिळणारा दर घेऊन तो दरवर्षी पुन्हा मांडायचा असतो.

गुंतवणूक कशात आहे, यालाही महत्त्व आहे. फेडीची तारीख जून महिन्यात असेल आणि निधीतले सरकारी रोखे त्यानंतर तीन वर्षांनी परिपक्व होणार असतील, तर ते बाजारात मिळेल त्या भावाला विकावे लागतात. व्याजदर चढलेले असले की त्यांचा भाव पडलेला असतो. शेवटची दोन-तीन वर्षे राहिली की निधी फेडीच्या तारखेआधी हाती येणाऱ्या गुंतवणुकीत आणणे हाच शहाणपणा. काही वेळा निधीतून पालिकेचेच रोखे बाजारातून विकत घेऊन रद्द करता येतात. तसे करता आले तर ती सर्वांत चोख गुंतवणूक ठरते, कारण दर्शनी किमतीला घेतलेल्या रोख्यावर पालिकेचे ७.५९ टक्के व्याज वाचते आणि ठेवीवर मिळाले असते ६ टक्केच.

या दोन दरांतले अंतर हीच निधीची खरी किंमत आहे. व्याजाचे १५ कोटी १८ लाख आणि निधीचे १५ कोटी १७ लाख मिळून पालिकेवर वर्षाला ३० कोटी ३५ लाखांचा बोजा पडतो. हेच दोनशे कोटी ७.५९ टक्क्यांनी, दहा समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे कर्ज म्हणून घेतले असते, तर हप्ता सुमारे २९ कोटी २६ लाख बसला असता. एकीकडे ७.५९ टक्के देत राहायचे आणि दुसरीकडे ६ टक्क्यांवर पैसा साठवायचा, याचे वर्षाला एक कोटी नऊ लाख जातात. रोख्यांचा दर बँकेच्या दरापेक्षा पुरेसा कमी असेल तरच हा खर्च परवडतो.

हे अंतर विसरल्याचे सर्वांत मोठे उदाहरण इंग्लंडचे आहे. पंतप्रधान धाकटे पिट यांनी १७८६ मध्ये राष्ट्रीय कर्ज फेडण्यासाठी वर्षाला दहा लाख पौंडांचा निधी सुरू केला. शिलकी अंदाजपत्रकातून पैसा येत होता तोवर योजना ठीक होती. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि सरकार भरमसाट कर्ज काढू लागले, तरी निधीत भरणा चालूच राहिला. म्हणजे नवे कर्ज महाग काढायचे आणि त्याच पैशांनी जुने कर्ज फेडायचे. चक्रवाढ व्याजाच्या जादूवर लोकांचा इतका विश्वास होता की हे बरीच वर्षे खपून गेले. स्कॉटलंडचे गणितज्ञ रॉबर्ट हॅमिल्टन यांनी १८१३ मध्ये दाखवून दिले की उत्पन्नातून खर्च जाऊन काही उरले तरच कर्ज कमी होते, निधी स्वतः काहीच निर्माण करत नाही. १८२९ मध्ये ती व्यवस्था गुंडाळली गेली.

आजच्या पालिकेलाही हाच नियम लागू पडतो. करवसुलीतून आलेला पैसा निधीत गेला तर कर्ज खरोखर हलके होते. ठेकेदारांची बिले थकवून किंवा नवे कर्ज काढून निधी भरला, तर देणे फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकते. हे ओळखायला ताळेबंद वाचायला हवा. निधीचे पैसे वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या गुंतवणुकीत दिसतात का, की कागदावर राखीव म्हणून लिहून ते रोजच्या खर्चात वापरले जात आहेत, हा पहिला प्रश्न. शिल्लक वेळापत्रकाप्रमाणे आहे का, हा दुसरा. वरच्या कर्जात पाचव्या वर्षाअखेर निधीत ८५ कोटी ५३ लाखांहून कमी असतील, तर दहाव्या वर्षाची तूट तेव्हाच सुरू झालेली असते.