करारनाम्याची अपुरी प्रत : मालकाला काय लिहावे?

भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्याच्या हाती करारनाम्याची झेरॉक्स येते आणि ती न मोजताच कपाटात जाते. बँकेचे किंवा जीएसटीचे काम निघाले, की मधली पाने नसल्याचे कळते. म्हणून प्रत मिळाली त्याच दिवशी तपासावी.

तपासणी सोपी आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या दस्ताच्या पानांवर एक लहान चौकट असते. तिच्यात दस्त क्रमांक, वर्ष, त्या पानाचा क्रमांक आणि एकूण पाने लिहिलेली असतात. चौकट पुसट असेल तर कलमांचे क्रमांक ओळीने वाचावेत.

समजा, नाशिकच्या भद्रकालीतील एका दुकानदाराला १४ पैकी ११ पाने मिळाली. अनामत परत करण्याचे व नोटिशीच्या मुदतीचे कलम नेमके गहाळ पानांवर आहे. अशा वेळी त्याने मालकाला असे लिहावे :

"आदरणीय भाऊसाहेब, नमस्कार. गाळ्याच्या करारनाम्याची प्रत काल मिळाली, आभारी आहे. दस्त १४ पानांचा असून त्यातील ५, ६ व १३ ही पाने आलेली नाहीत. पान ४ वर कलम ६ अर्धवट राहते आणि पान ७ कलम ९ पासून सुरू होते. बँकेत संपूर्ण दस्त द्यावयाचा आहे. तरी मूळ दस्तावरून सर्व १४ पानांची प्रत शुक्रवारपर्यंत द्यावी. आपणांस सवड नसल्यास मी येऊन आपल्यासमोर झेरॉक्स काढून घेईन."

या मजकुरात आरोप नाही, पण कोणती पाने नाहीत याची लेखी नोंद तारखेसह राहते. उद्या अनामतीवरून वाद झाला तर ती उपयोगी पडते. मालकाने सुटी पाने दिली तर त्यांवर तोच दस्त क्रमांक आणि दोघांच्या सह्या आहेत का ते पाहावे. नव्याने टाइप केलेल्या पानावर सही करू नये.

उत्तर आले नाही तरी वाट बंद होत नाही. दस्त ज्या कार्यालयात नोंदला, तेथे दस्त क्रमांक व वर्ष देऊन, फी भरून प्रमाणित नक्कल मागता येते. केवळ सूची क्रमांक २ वर भागवू नये. तिच्यात पक्षकार, मिळकत व रकमेचा गोषवारा असतो, सर्व अटी नसतात.

करार नोंदलेलाच नसेल तर मात्र नक्कल मिळणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. तसा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणून पूर्ण, नोंदलेला दस्त दोघांजवळ असणे मालकाच्याही हिताचे आहे.