'मस्ट' म्हणजे पक्की खात्री?

शिकवणीच्या वह्यांत एक शिडी हमखास असते: 'मस्ट' म्हणजे जवळजवळ शंभर टक्के खात्री, 'माइट' म्हणजे पन्नास टक्के, 'कान्ट' म्हणजे शून्य. पाठांतराला ती सोयीची असली तरी मुळातली गोष्ट तिच्यातून निसटते. खिडकीतून पाऊस दिसत असताना इंग्रजी माणूस 'इट इज रेनिंग' म्हणतो. 'इट मस्ट बी रेनिंग' तो म्हणतो ते आत येणाऱ्यांच्या ओल्या छत्र्या पाहून. खात्री दोन्हीकडे असू शकते, फरक ती कुठून आली याचा आहे. 'मस्ट' सांगतं की बोलणाऱ्याने पाहिलेलं नाही, खुणांवरून ताडलं आहे. लॉरी कार्टुनेन या भाषाशास्त्रज्ञाने 1972 मध्येच दाखवलं की साधं विधान 'मस्ट'पेक्षा ठाम वाटतं. यावर आक्षेपही आहे: 2010 मध्ये फॉन फिन्टेल आणि गिलीज यांनी मांडलं की 'मस्ट' दुबळं नाही, पुरावा अप्रत्यक्ष आहे एवढंच ते सुचवतं. वाद ताकदीचा आहे. खुणांवरून काढलेला निष्कर्ष दोन्ही पक्षांना मान्य आहे.

आता एकटे राहणारे शेजारी घ्या. सकाळचे दहा वाजले तरी दुधाची पिशवी दारातच आहे. एवढ्यावर 'ही माइट हॅव गॉन आउट' म्हणता येतं, कारण ते झोपलेलेही असतील. बाहेरून कुलूप दिसलं, तर 'ही मस्ट हॅव गॉन आउट'. उलट दाराला आतून कडी असेल आणि दुसरी वाट नसेल, तर 'ही कान्ट हॅव गॉन आउट'. घटना तीच, फक्त खुणा बदलल्या.

या वाक्यांत भूतकाळ 'हॅव गॉन'मध्ये आहे, 'मस्ट'मध्ये नाही. मराठीतही 'गेले असणार' म्हणताना काळ 'गेले' सांगतं आणि तर्क 'असणार'. 'मस्ट'चा भूतकाळ म्हणून 'हॅड टु गो' लिहिलं, की अर्थ 'जावं लागलं' असा होतो. 'माइट' हे 'मे'चं भूतरूप, म्हणून ते गतकाळाचंच, हाही गैरसमज. 'ही माइट कम टुमॉरो' सर्रास चालतं.

नकाराचा घोटाळा जास्त चिवट आहे. मराठीत 'असणार'चं 'नसणार' होतं, म्हणून आपण 'मस्ट'ला 'नॉट' चिकटवतो. पण 'ही मस्टन्ट बी ॲट होम' हे बहुधा 'त्यांनी घरी असता कामा नये' असं ऐकू येतं. तर्कासाठी 'कान्ट बी'. अमेरिकन लोक 'ही मस्ट नॉट हॅव हर्ड मी' म्हणतात, हे खरं. तिथे तो तर्कच असतो आणि 'मस्ट नॉट' बहुतेकदा सुटं राहतं. 'माइट नॉट हॅव हर्ड' मात्र वेगळं: ऐकलं नसेल, कदाचित ऐकलंही असेल. 'कान्ट हॅव हर्ड' म्हटलं की ही दुसरी शक्यता उरत नाही.